पालकांना पाठवायचं पत्र: मुलाचं बुद्धिबळ अडलंय, पुढच्या सत्रात काय करायचं?

अडीचघरं (धागाकर्ता)

मी मुलांना बुद्धिबळ शिकवतो. सत्र संपलं की प्रत्येक पालकाला चार ओळी लिहून पाठवतो, त्याला फारसा वेळ लागत नाही. या खेपेला मात्र एका पत्रापाशी आठवडाभर अडलोय. मुलगा अकरा वर्षांचा. हुशार आहे, क्लास बुडवत नाही, दिलेला गृहपाठ करतो, आणि तरीही गेले दहा महिने जागच्या जागी आहे. आईचा मेसेज आला: "सर, त्याच्या मागून आलेली मुलं पुढे गेली. ओपनिंग कमी पडतंय का? अजून स्पर्धा लावू का?" प्रश्न रास्त आहे. मसुदा खाली देतोय. मुलाचं नाव 'न' केलंय. इथे खेळणारेही आहेत आणि पालकही, म्हणून म्हटलं पाठवण्याआधी दाखवावं.

> नमस्कार ताई,
>
> 'न'चं फिडे रेटिंग दहा महिन्यांपूर्वी १४६२ होतं, आज १४८७ आहे. याला मी प्रगती म्हणणार नाही. कारण शोधायला मी त्याचे मोठ्या वेळेचे ३८ डाव पुन्हा मांडून पाहिले. १५ जिंकला, ६ बरोबरीत, १७ हरला.
>
> ओपनिंग कमी पडत असतं तर तो पहिल्या पंधरा-वीस चालींतच मागे पडला असता. तसं होत नाही. हरलेल्या १७ पैकी ११ डावांत विसाव्या चालीला तो बरोबरीत तरी होता किंवा वरचढ होता. म्हणजे डाव हातात असतो आणि पुढे निसटतो.
>
> कसा निसटतो ते घड्याळ सांगतं. गेल्या सत्रापासून मी मुलांना स्कोअरशीटवर प्रत्येक चालीपुढे घड्याळातली उरलेली मिनिटं लिहायला लावतो. ९० मिनिटं आणि दर चालीला ३० सेकंद असा वेळ असतो. अर्ध्या मिनिटाच्या आत चाल केली तर घड्याळातला वेळ घटण्याऐवजी वाढतो. 'न'च्या एका स्कोअरशीटवर अठराव्या चालीपुढे ९३ लिहिलंय. सुरुवातीला होता त्याहून जास्त वेळ! त्या ११ डावांपैकी ९ डावांत घात करणारी चाल अशीच झटक्यात झालेली आहे. डाव हरून उठताना घड्याळात सरासरी तासभर शिल्लक असतो.
>
> एक डाव दाखवतो. हा बरोबरीत सुटला, म्हणून हरलेल्यांत मोजलेला नाही. 'न' पांढऱ्याने खेळत होता. त्याचा राजा d4 वर, प्यादं e3 वर, काळ्याचा एकटा राजा e6 वर. चाल 'न'ची. त्याआधी त्याने e6 वर हत्तीने हत्ती मारला होता आणि काळ्या राजाने परत मारला होता. ही मारामारी त्याने अगदी बरोबर हेरली, कारण यापुढचा डाव जिंकलेला आहे. राजा e4 वर आणला की काळ्या राजाला बाजूला व्हावंच लागतं. पण 'न'ने प्यादं e4 वर ढकललं. काळा राजा d6 वर आला आणि डाव बरोबरीत. घड्याळ त्या चालीआधी ७४, चालीनंतरही ७४.
>
> ही स्थिती त्याला येते. क्लासमध्ये विचारली तर झोपेतही सांगेल. त्यामुळे "अजून शिकवा" हे यावरचं औषध नाही.
>
> पुढच्या सत्राच्या १२ आठवड्यांत मी नवं ओपनिंग शिकवणार नाही. कोडी आजवर क्लासला तीस द्यायचो, आता सहाच देईन. उत्तरात स्वतःच्या चालीबरोबर प्रतिस्पर्ध्याची सगळ्यात चांगली चालही लिहायची, ती नसेल तर उत्तर धरणार नाही. सहांपैकी दोनांत मुद्दाम काहीच दडलेलं नसेल आणि कुठल्या दोनांत ते सांगणार नाही. आठवड्याला एक डाव ४५ मिनिटं आणि १५ सेकंदांचा, माझ्यासमोर. प्याद्यांच्या दहा अंतिम स्थिती तो माझ्याविरुद्ध दोन्ही बाजूंनी खेळेल. स्पर्धा पाचऐवजी दोन.
>
> आपल्याकडून एकच हवं आहे. डाव संपल्यावर घरी जाताना फोनवरचं इंजिन उघडू नये. आधी त्याने स्वतः पेन्सिलने खूण करावी, डाव कुठे फिरला असं त्याला वाटतं ते. इंजिन दुसऱ्या दिवशी.
>
> सत्राअखेर रेटिंग किती असेल ते मी सांगू शकत नाही. स्पर्धा दोनच असल्याने आकडा फारसा हलणारही नाही. मी दोन गोष्टी मोजेन: डाव संपताना घड्याळात किती उरलं, आणि एका चालीत हातचं घालवण्याचे प्रसंग किती.

---

पोरांची_आई

मी अशी पत्रं घेणाऱ्यांपैकी आहे, म्हणून त्या बाजूने सांगते. आकडे आवडले. "लक्ष देत नाही" असं ढोबळ ऐकायची सवय असते, इथे निदान कुणीतरी ३८ डाव मांडून बसलंय. पण घड्याळाचा परिच्छेद वाचून त्या बाई मुलाला काय म्हणतील सांगू? "सर म्हणतात तू घाई करतोस." पुढच्या स्पर्धेला दारात उभ्या राहून खुणा करतील, हळू, हळू. मी केलंय ते. मुलगा घड्याळाऐवजी माझ्याकडे बघत बसला.

दुसरं, "याला मी प्रगती म्हणणार नाही" खरं असेल, पण ते दुसऱ्याच ओळीत? आईने विचारलंय ओपनिंगचं आणि स्पर्धांचं. त्यांची उत्तरं आधी द्या.

---

अवखळ_प्यादं

सर, उपाय सोपा आहे. आम्हाला लहानपणी शिकवलेलं: चाल आधी कागदावर लिही, मग पट पुन्हा बघ, मग खेळ. लिहिण्यात दहा-पंधरा सेकंद जातात आणि चूक दिसते. मला फार फायदा झाला होता. आणि एक शंका. e4 ने पण जिंकतंच की? एक प्यादं जास्त आहे, राजा बाजूला उभा आहे. पुढे ढकलत राहायचं.

---

सोंगटी

आमच्या भाच्याचं उदाहरण देते. १२०० वर होता, मार्च २०२४ मध्ये एका महिन्यात एकदम १५२०! त्याने तेव्हाच क्लास बदलला होता. माझ्या मते शिकवण्याच्या पद्धतीत फरक असतो, राग मानू नका.

---

हिशेबनीस

सोंगटीताई, त्यात क्लासचं श्रेय नाही. १ मार्च २०२४ ला फिडेने २००० च्या खालच्या सगळ्यांचं रेटिंग एकदाच वर उचललं. २००० ला जेवढे कमी असतील त्याचे ४० टक्के मिळवले. १२०० वाल्याला ८०० कमी, त्याचे ४० टक्के ३२०, झाले १५२०. भाच्याने त्या महिन्यात एकही डाव खेळला नसता तरी हेच झालं असतं. किमान रेटिंगही तेव्हाच १००० वरून १४०० झालं. त्याच्याआधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी ठेवून कुणाच्याच मुलाची तुलना करू नये.

अडीचघरं, तुमच्या पत्रातल्या १४६२ आणि १४८७ बद्दल. या वयात K, म्हणजे एका डावाने रेटिंग किती हलू शकतं तो गुणक, ४० असतो. बरोबरीच्या खेळाडूकडून हरला तर २० गेले, जिंकला तर २० आले. म्हणजे एकाच डावाचा निकाल उलटला तर ४० चा फरक. दहा महिन्यांतली २५ ची वाढ एका डावातही मावते. ती वाढ नाही हे बरोबर, पण अडलंय हेही तेवढ्यावरून सिद्ध होत नाही. त्याच्या शेवटच्या स्पर्धेचे तपशील आहेत का?

---

अडीचघरं

आहेत. सहा रेटेड प्रतिस्पर्धी होते, सरासरी १६०५. सहांत अडीच गुण. बाकीचे डाव अनरेटेड मुलांशी झाले, ते रेटिंगला धरले जात नाहीत.

पोरांची_आई, दोन्ही गोष्टी पटल्या. क्रम बदलतो.

---

हिशेबनीस

मग बघा. ११८ ने वरचढ असलेल्याविरुद्ध डावामागे ०.३४ गुण अपेक्षित असतो. सहा डावांचे साधारण दोन. त्याने अडीच केले, म्हणजे ४० च्या हिशेबाने १८ च्या आसपास कमावले. आईला मात्र "सहांत अडीच" एवढंच दिसलं असणार, घरी आला तो हरून आला. पत्रात हे एक वाक्य टाकाच. त्यांच्या मनातला "मागून आलेली मुलं पुढे गेली" हा काटा थोडा सैल होईल.

---

अडीचघरं

टाकतो.

अवखळ_प्यादं, लिहून मग खेळायची सवय मलाही होती, पण आता नियमात बसत नाही. आधी चाल करायची, मग नोंदवायची. आधी लिहिलेलं पंचांनी पाहिलं तर ताकीद मिळते. घड्याळातली वेळ लिहायला हरकत नाही, म्हणून मी ती लिहून घेतो. हात मांडीखाली ठेवून बसायला सांगतो, ते चालतं.

e4 चं उत्तर पट मांडून बघा. काळ्याचा राजा d6 वर आला की तुमचा राजा d5 ला जाऊ शकत नाही, e5 लाही नाही. पुढे कसे जाल?

---

अवखळ_प्यादं

प्याद्याने शह देईन. e5+

---

जुना_खेळाडू

दे. Ke6. आता तुझा राजा प्याद्याला धरून e4 वर, काळा e7 वर मागे. तू d5, तो d7. तू e6+ शह, तो e7. तू e5, तो सरळ मागे e8. तू d6, तो d8. तू e7+, तो e8. आता राजा e6 वर नेलास तर स्टेलमेट, नाही नेलास तर प्यादं गेलं. राजा प्याद्याच्या पुढे हवा, मागून ढकलणारा नको. म्हणून आधी Ke4. मग e3 वरचं प्यादं एक चाल राखून ठेवतं आणि गरज पडली की तीच कामाला येते.

आता अडीचघरंना. तुम्ही मेहनत घेतली आहे म्हणून बोलतो, नाहीतर गप्प बसलो असतो. तुम्ही हरलेल्या डावांची घड्याळं पाहिलीत. जिंकलेल्या पंधरांची पाहिलीत का? पोरगा जिंकतानाही तासभर शिल्लक ठेवून उठत असेल तर "झटक्यात खेळतो म्हणून हरतो" हे वाक्य उभं राहत नाही. तो झटक्यातच खेळतो, कधी हरतो कधी जिंकतो, एवढंच उरतं.

---

अडीचघरं

नाही पाहिलीत. हे विचारायला नको होतं असं क्षणभर वाटलं, खरं सांगतो. बघून येतो.

---

निमूट

मी बारा ते सोळा वर्षांचा असताना भरपूर खेळलो, मग सोडलं. 'न'सारखाच होतो. कुणी विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही, आज सांगतो. मी भरभर खेळायचो कारण विचार करून हरलो तर त्याचा अर्थ मला येत नाही असा झाला असता. भरभर खेळून हरलो की कारण तयार असायचं: अरे, लक्षच नव्हतं. कोच ओरडायचे "वेळ घे", मी वेळ घ्यायचो, म्हणजे हात बांधून छताकडे बघत पाच मिनिटं बसायचो आणि आधी ठरवलेली चाल करायचो. घड्याळातला वेळ कमी झाला, कोच खूश. तुम्ही "घड्याळात किती उरलं" हे मोजणार असाल तर तो तेवढंच शिकेल.

---

पोरांची_आई

निमूट, वाचून गलबललं. अडीचघरं, त्या मुलाला कुणी विचारलंय का?

---

सोंगटी

१५२० चं आज कळलं. भाच्याला सांगणार नाही.

पण ब्लिट्झचं कुणीच बोलत नाही? दिवसभर फोनवर तीन-तीन मिनिटांचे डाव खेळतात पोरं. हात तिथेच सैल होतो. सरळ बंद करा.

---

जुना_खेळाडू

बंद करून बघितलंय, चोरून खेळतात. शिवाय ब्लिट्झमध्ये ओपनिंगचा सराव होतो, ते अगदीच वाया नसतं. खेळायचं तर पाच डाव, आणि त्यातला हरलेला एक पुन्हा मांडायचा. पाचशे डावांनी मात्र हात बिघडतो, त्यात दुमत नाही.

---

हिशेबनीस

माझ्या मुलीचं ब्लिट्झ बंद केलं तर तिचं बुद्धिबळच बंद झालं. मला हे तितकं सरळ वाटत नाही.

---

अडीचघरं

दोन संध्याकाळी बसलो. जुना_खेळाडू, तुमचं बरोबर निघालं. जिंकलेल्या १५ डावांत शेवटी सरासरी ५८ मिनिटं उरली होती. हरलेल्यांत ६१. फरक नाहीच म्हणा. हे पत्र तसंच गेलं असतं तर मी एका मुलाला तीन महिने "हळू खेळ" सांगत बसलो असतो.

मग घात झालेल्या त्या ९ चाली पुन्हा काढल्या आणि या वेळी घड्याळ सोडून आधीच्या दोन चाली पाहिल्या. ९ पैकी ७ ठिकाणी त्याच्या आधी एक-दोन चालींत मारामारी झालेली आहे. उंट-घोडा कटले, वजीर कटले, प्यादी कटली. e4 च्या डावातही तेच, हत्ती कटल्यावरची पहिलीच चाल. म्हणजे मारामारी तो नीट बघतो, मोजतो, बरोबर करतो. त्यातलं शेवटचं मोहरं उचललं की त्याच्या लेखी काम झालेलं असतं. नवा पट समोर आहे आणि तो जुन्याच पटाच्या भरात पुढची चाल करून टाकतो. जिंकलेल्या डावांत एक तर मारामारी कमी झाली आहे, नाहीतर ती होईपर्यंत तो इतका पुढे होता की एक चाल चुकून काही बिघडलं नाही.

इथे माझाही वाटा आहे, तो पत्रात लिहिणार आहे. माझी तीस कोडी कशी असतात? तीन चालींची मारामारी, शेवटी मोहरं हाती येतं, कोडं संपलं, पुढचं कोडं. दोन वर्षं मी त्याला नेमकं तिथेच थांबायला शिकवलं. फोनवरच्या कोड्यांचं त्याचं रेटिंग २००० च्या वर आहे आणि आईला तो आकडा घेऊन कोडं पडतं, की मग डावात काय होतं. डावात कोडं सुटल्यावरही खेळायचं असतं, हे होतं.

---

जुना_खेळाडू

आता काहीतरी हाती आलं. तरी नऊच चाली आहेत, त्यातल्या सात. फार ताणू नका. आणि मारामारीनंतर चुका सगळ्याच पोरांच्या होतात, तुमच्या बाकीच्या पोरांचे डाव असेच मोजले तर कदाचित हेच दिसेल.

---

अडीचघरं

शक्य आहे. दोघांचे काढून बघतो, पण पत्र त्यासाठी थांबवत नाही.

'न'शी बोललो. वेगाचं काही काढलं नाही. e4 ची स्थिती मांडली, चाल विचारली. दोन सेकंदांत Ke4. मग विचारलं, त्या दिवशी काय झालं रे? म्हणाला, "हत्ती गेल्यावर वाटलं झालं. मग जास्त बघितलं की सगळंच चुकीचं दिसतं, म्हणून पटकन केलं." निमूट, तुमचं पोस्ट डोक्यात होतं म्हणून मी पुढे काही बोललो नाही. "सगळंच चुकीचं दिसतं" याचं काय करायचं ते मला अजून नीट कळलेलं नाही.

---

निमूट

मलाही. पण तो बोलला तुमच्याशी. मी नव्हतो बोललो.

एक सुचवू? "थांब" म्हणण्याऐवजी थांबल्यावर काय बघायचं ते द्या. नुसतं थांबलं की छत दिसतं.

---

जुना_खेळाडू

हो. मी पोरांना मारामारी संपली की तीन गोष्टी बोटांवर मोजायला लावायचो. समोरच्याचं कुठलं मोहरं आता मोकळं झालं, माझं कुठलं मोहरं आता उघडं पडलं, आणि राजा पुढे यायची वेळ झाली का. तिसरं वजीर कटल्यावरच. एवढंच. चौथं सांगितलं की पहिलं विसरतात.

---

अवखळ_प्यादं

कापाब्लांका शेवटाकडून शिकवा म्हणायचा ना? दहा अंतिम स्थिती खूप कमी नाहीत का? पन्नास करा.

---

जुना_खेळाडू

आधी तू e4 वाली एक पूर्ण कर.

---

अडीचघरं

आज पत्र पाठवलं. सुरुवात आता त्यांच्या दोन प्रश्नांनी होते: ओपनिंग ठीक आहे, आणि स्पर्धा वाढवू नयेत, कारण पाच स्पर्धांतले डाव नीट बघायला आम्हा दोघांना वेळच मिळत नाही. मग हिशेबनीसांचं सहांत अडीचचं गणित. घड्याळाचा परिच्छेद काढला, त्याजागी हे आलं:

> 'न' मारामारी चांगली मोजतो. चुकतो तो ती संपल्यानंतरच्या पहिल्या-दुसऱ्या चालीत. हरलेल्या डावांतल्या ज्या ९ चाली मी तपासल्या त्यांपैकी ७ अशा आहेत. ही सवय लागण्यात माझ्या कोड्यांचाही हात आहे, कारण माझी कोडी मोहरं मिळालं की संपायची. पुढच्या सत्रात कोडं सुटलं की ते संपणार नाही. त्याच स्थितीतून तो माझ्याविरुद्ध आणखी पाच चाली खेळेल आणि मग आपण ते सुटलं म्हणू.
>
> साप्ताहिक डावात प्रत्येक मारामारीनंतर त्याने स्कोअरशीटवर छोटा ठिपका काढायचा आणि मनात तीन प्रश्न विचारायचे. ते त्याला पाठ आहेत. स्पर्धेत ठिपका नको, तिथे खेळाच्या नोंदीशिवाय काही लिहू नये. सत्राअखेर मी त्याचा वेळ मोजणार नाही. ठिपक्यांनंतरच्या चाली मोजेन, त्यातल्या किती बऱ्या होत्या ते. सहाव्या आठवड्यात आपण एकदा बसू. तोवर काही हललं नसेल तर माझं निदान चुकलं असं धरून मी नव्याने बघेन.
>
> त्याला "हळू खेळ" असं कृपया सांगू नये. मीही सांगणार नाही.

इंजिनचा मुद्दा ठेवला. ब्लिट्झबद्दल काहीच लिहिलं नाही, माझंच ठरत नाहीये.

---

पोरांची_आई

शेवटचं वाक्य वाचून माझीच मान खाली गेली. उत्तर आलं का?

---

अडीचघरं

आलं. बाबांचं आलं, आईचं नाही. "सर, पाच चाली तुमच्याविरुद्ध खेळणार म्हणजे तो हरणारच ना? त्याने अजून खचणार नाही का?" योग्य प्रश्न आहे. कोड्यानंतर तो एक हत्ती किंवा घोडा वर असतो, त्यामुळे पाच चालींत हरणं अवघड, पण मी खोड्या काढणार हे नक्की. त्यांना लिहिलं की पहिले दोन आठवडे मी सरळ खेळेन.

आईने नंतर एक ओळ पाठवली: मार्चपर्यंत १६०० होईल का?

---

हिशेबनीस

दोनच स्पर्धा आणि त्यातले साताठ रेटेड डाव? हिशेबाने होऊ शकतं, धरून चालू नका.

---

अडीचघरं

साधारण हेच कळवलं. त्यावर अजून उत्तर नाही.

---

अवखळ_प्यादं

पट मांडून बसलोय. e4 Kd6 नंतर शह न देता राजा c4 ला नेला तर? बाजूने वळसा घालून?

---

जुना_खेळाडू

Ke5. आता प्यादं वाचवायला राजा d3 ला परत पळव. मग तो e6 ला मागे जातो, तू d4, तो d6. आलास का फिरून तिथेच?

---

अवखळ_प्यादं

आलो. थांबा, f बाजूने बघतो.